धूसर स्कॅनमधला दूध संकलनाचा तक्ता: आकडे सोडवायचे कसे?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेचा इतिहास लिहायचं काम अंगावर घेतलं आहे. १९८३-८४ च्या छापील वार्षिक अहवालाची एक पीडीएफ एका जुन्या संचालकांकडून मिळाली. मूळ अहवाल कुठे आहे ते त्यांनाही आठवत नाही. त्यातल्या एका पानावर महिनावार दूध संकलनाचा तक्ता आहे. जुलैपासून जूनपर्यंत बारा ओळी, खाली बेरीज. रकाने चार: महिना, गाय (लिटर), म्हैस (लिटर), एकूण. आकडे देवनागरी.

पान पिवळं पडलंय, डावीकडे शिवणीजवळ गडद सावली आहे, सगळा तक्ता तिरका आहे आणि बेरजेच्या ओळीवर संस्थेचा जांभळा शिक्का बसलाय. मोठं करून पाहिलं की अक्षरांचे नुसते ठिपके दिसतात. चित्रातला मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टला पान जसंच्या तसं दिलं, तर ऑक्टोबरच्या ओळीत सप्टेंबरची बेरीज आली आणि दोन महिने गायबच झाले. हाताने टाइप करायला हरकत नाही, पण अशी आणखी बरीच पानं आहेत. शिवाय डोळ्यांनाही १ की ९ हे ठरवता येत नाही. कुठून सुरुवात करू?

सुहास_प

सोपं आहे. पीडीएफ ६०० डीपीआयला इमेज करून घ्या, `pdftoppm -r 600` ने होतं. मग कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, शार्पन मारा, काळं-पांढरं करा आणि टॅब्युलात टाका. टॅब्युला तक्ते फार छान काढतं, मी बँकेची स्टेटमेंट नेहमी त्यानेच काढतो.

कोरा_कागद

सुहास, टॅब्युला इथे चालणार नाही. ज्या पीडीएफमध्ये अक्षरं खरोखर अक्षरं म्हणून असतात, तिथेच ते चालतं. बँकेचं स्टेटमेंट तसं असतं, स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. कॉन्ट्रास्ट आणि मोठं करणं या दोन्ही गोष्टी लागतील हे तुमचं बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे आणि क्रमावरच सगळं अवलंबून आहे.

शिवारफेरी, आधी पीडीएफच्या पोटात नेमकं काय आहे ते बघा. ६०० चा आकडा दिला म्हणून ६०० चा तपशील येत नाही, जे आहे तेच ताणलं जातं. टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
pdfimages -list ahval.pdf
pdfimages -all ahval.pdf pan
```

पहिली ओळ प्रत्येक पानावरच्या चित्राची माहिती देईल. त्यातले `x-ppi`, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, आणि `enc`, म्हणजे चित्र कुठल्या पद्धतीने दाबलंय, हे दोन रकाने इथे सांगा. दुसरी ओळ मूळ चित्र पुन्हा न दाबता जसंच्या तसं बाहेर काढते. पुढचं सगळं काम त्या चित्रावर करायचं, स्क्रीनशॉटवर नाही.

`enc` खाली `jbig2` असेल तर थांबा. त्या पद्धतीत तोटा सोसून दाबताना सारखे दिसणारे आकार एकमेकांच्या जागी बसवले जाऊ शकतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही मशिनांत नेमका हाच प्रकार उघड केला होता. ६ च्या जागी स्वच्छ, ठसठशीत ८ छापून येत होता. अशा चित्रात जे दिसतंय ते मुळात तसं होतं याची खात्रीच राहत नाही.

शिवारफेरी

`x-ppi` ११०, `enc` `jpeg`. चित्र ९०९ × १२८६ पिक्सेल आहे, रंगीत.

कोरा_कागद

जेपीईजी आहे, म्हणजे निदान आकडे बदललेले नाहीत, फक्त धुरकटलेत. ११० मध्ये काय शिल्लक असतं ते बघा. दहा पॉइंटच्या आसपासच्या टाइपातला आकडा इथे जेमतेम ११ पिक्सेल उंच भरतो. १ च्या डोक्यातली पोकळी दोन-तीन पिक्सेलची. टेसरॅक्टला आकडा साधारण ३० पिक्सेल उंच मिळाला की ते नीट वाचतं. म्हणून तिप्पट मोठं करायचं. चौपटीच्या पुढे गेलात तर फाइल फुगते, वाचन सुधारत नाही.

आता तिरकेपणा मोजा. गिंपमध्ये चित्र उघडा आणि तक्त्याच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आडव्या रेघेच्या दोन्ही टोकांचे पिक्सेल इथे लिहा.

आजीचा_ट्रंक

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे पणजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद आहेत. मोबाइलवर फोटो काढलेत, तेही असेच धूसर आहेत. या पद्धतीने त्यातला मजकूर टाइप होऊन मिळेल का?

कोरा_कागद

ताई, नाही मिळणार. इथे चाललंय ते छापील देवनागरी आकड्यांचं. हस्तलिखित मोडी या साधनांना वाचता येत नाही, त्याला मोडी वाचक माणूसच हवा. मात्र सावली घालवण्याचा भाग खाली येईल तो तुमच्याही कामाचा आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना सोपं जाईल. फोटो वरून सरळ धरून, उजेड बाजूने येईल असे पुन्हा काढता आले तर आधी तेच करा.

शिवारफेरी

मोजलं. वरची रेघ (६२, १४८) पासून (८५८, १६५) पर्यंत. खालची (५६, ४४८) पासून (८५२, ४६५) पर्यंत.

कोरा_कागद

छान. वरची रेघ ७९६ पिक्सेलमध्ये १७ पिक्सेल खाली उतरते, खालचीही तेवढीच. म्हणजे दोन्ही १.२२ अंशांनी तिरक्या आहेत. डावी बाजू ३०० पिक्सेल उंचीत ६ पिक्सेल सरकली आहे, तोही तोच कोन. याचा अर्थ पान नुसतं फिरलंय, मोडलेलं किंवा वाकलेलं नाही. वरच्या आणि खालच्या रेघेचे कोन वेगळे आले असते तर ते फिरवून सुटलं नसतं, चार कोपरे धरून पान ताणावं लागलं असतं. आणि रेघ मधूनच वाकलेली दिसली, म्हणजे जाड पुस्तक काचेवर नीट बसलं नसेल, तर तेही पुरत नाही.

तुमच्या दोन ओळींत अंतर किती आहे?

शिवारफेरी

अठरा-एकोणीस पिक्सेल.

कोरा_कागद

मग ऑक्टोबरच्या ओळीत सप्टेंबरचा आकडा कसा आला ते कळलं. रकाने डावीकडून उजवीकडे जाताना १७ पिक्सेल खाली घसरतात, आणि ओळ अठराची. म्हणजे एका टोकाची ओळ दुसऱ्या टोकाला जवळजवळ शेजारच्या ओळीच्या उंचीवर पोचते. एक-सव्वा अंश डोळ्याला किरकोळ वाटतो, पण तक्त्यात ओळी दाटीने असतात म्हणून तिथे तो घातक. सलग मजकुरात एवढा तिरकेपणा बहुतेक वेळा खपून जातो.

आता क्रम. आधी सावली सपाट करायची, मग मोठं करणं आणि सरळ करणं एकाच फटक्यात, आणि काळं-पांढरं शक्यतो करायचंच नाही. सुहासनी सांगितल्याप्रमाणे आधी काळं-पांढरं केलं, तर ११ पिक्सेलच्या आकड्याच्या कडेला जी करडी छटा असते ती कायमची जाते. ती छटाच तर आकड्याची वळणं सांगते. ती गेल्यावर तिप्पट करा नाहीतर दहापट, हाती पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा येतात. शार्पनही नको. जेपीईजी आठ बाय आठच्या चौकटींत चित्र दाबतं, त्यामुळे आकड्यांभोवती बारीक कचरा साचलेला असतो. शार्पन केलं की तो कचरा आधी उठून दिसतो.

सुहास_प

पण कॉन्ट्रास्ट तर वाढवायलाच लागणार ना? फिकट आहे सगळं.

कोरा_कागद

हो, पण पूर्ण पानाला एकच मोजमाप लावून नाही. शिवणीजवळचा कागद उजवीकडच्या शाईइतका गडद असू शकतो. स्लायडर ओढला तर डावीकडचे महिने काळ्यात बुडतील आणि उजवीकडच्या बारीक रेषा पांढऱ्यात विरघळतील. त्याऐवजी त्या त्या जागचा कागद किती उजळ आहे याचा अंदाज काढायचा आणि चित्राला त्याने भागायचं. मग कागद सगळीकडे पांढरा होतो आणि शाई सगळीकडे साधारण सारखी.

शिक्क्यासाठी रंगीत चित्रातला फक्त लाल थर घ्या. पिवळा कागद लाल थरात उजळ येतो आणि जांभळी शाईही बऱ्यापैकी फिकी पडते, काळी छपाई मात्र काळीच राहते. निळा थर घेऊ नका, त्यात पिवळा कागद काळवंडतो.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("pan-000.jpg")
g = img[:, :, 2]
bg = cv2.dilate(g, np.ones((9, 9), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 41)
flat = cv2.divide(g, bg, scale=255)
h, w = flat.shape
k, a = 3, 1.22
M = cv2.getRotationMatrix2D((w/2, h/2), a, k)
M[0, 2] += w*(k-1)/2
M[1, 2] += h*(k-1)/2
out = cv2.warpAffine(flat, M, (w*k, h*k),
        flags=cv2.INTER_CUBIC, borderValue=255)
cv2.imwrite("saral.png", out)
```

ओपनसीव्ही रंग उलट्या क्रमाने ठेवतं, म्हणून लाल थर `2` क्रमांकावर. `dilate` आणि `medianBlur` मिळून आकडे पुसून नुसता कागद शिल्लक ठेवतात, तोच `bg`. `bg` एकदा सेव्ह करून बघा. त्यात आकड्यांच्या सावल्या दिसल्या तर ९ चं ११ किंवा १३ करा, नाहीतर भागाकारात आकडेच फिके होतील.

शेवटचा भाग मोठं आणि सरळ एकदमच करतो. चित्र आधी फिरवून सेव्ह केलं, मग मोठं करून सेव्ह केलं, की प्रत्येक वेळी पिक्सेल शेजाऱ्यांत मिसळतात आणि धूसरपणा वाढतो. एकदाच मिसळू द्यायचे. कोन धन दिला की चित्र घड्याळाच्या उलट फिरतं, तुमची उजवी बाजू खाली आहे म्हणून तेच हवंय.

धुळाक्षर

हल्ली फोटो स्पष्ट करणारी एआय ॲप्स आहेत, रिअल-ईएसआरगॅनसारखी. त्यातून काढलं तर? मी घरचे जुने फोटो केले, चेहरे सुरेख आले.

कोरा_कागद

चेहऱ्यासाठी चालेल, आकड्यासाठी मी कधीच वापरणार नाही. त्या पद्धती हरवलेला तपशील शोधून आणत नाहीत. तिथे काय शोभेल याचा अंदाज करून नवा काढतात. धूसर १ चा धारदार ९ होईल, आणि तो इतका स्वच्छ असेल की शंकाही येणार नाही. साध्या मोठं करण्यात धूसर आकडा धूसरच राहतो, आणि धूसर दिसतो म्हणूनच तो आपण तपासतो.

शिवारफेरी

करून पाहिलं. फरक मोठा आहे. सावली गेली, रेघा सरळ झाल्या, शिक्का फिकट गुलाबीसारखा मागे राहिलाय (म्हणजे करडा, पण शिक्का म्हणून ओळखू येतो). अख्खं पान टेसरॅक्टला दिलं तर आता बाराही महिने आले. पण उभ्या रेघांना ते १ समजतंय, आणि स्वल्पविराम कुठे आहे कुठे नाही.

कोरा_कागद

अख्खं पान देऊ नका. आता तक्ता सरळ आहे, म्हणजे रकाने आणि ओळी कुठे सुरू होतात ते पिक्सेलमध्ये ठरलेलं आहे. प्रत्येक चौकोन रेघेच्या आतून कापा, म्हणजे रेघ येतच नाही. कापल्यावर चारही बाजूंना दहा-पंधरा पिक्सेल पांढरी किनार जोडा. आकडा कडेला चिकटलेला असला की टेसरॅक्ट तो खातं. मग एकेक चौकोन असा:

```
tesseract cell.png - -l mar --psm 7 \
  -c tessedit_char_whitelist=०१२३४५६७८९,
```

`--psm 7` म्हणजे एकच ओळ आहे असं समज. महिन्याच्या रकान्याला ती दुसरी ओळ लावू नका, किंवा तो रकाना हातानेच लिहा, बारा नावं तर आहेत. अंकांची यादी दिल्याने एक धोका येतो. डाग असला तरी त्याला कुठला तरी अंक बनावंच लागतं. म्हणून आलेला आकडा नेहमी चौकोनाच्या चित्राशेजारी ठेवून बघा. स्वल्पविराम तर नंतर काढूनच टाका, हजारानंतर तो कुठे असणार ते आपल्याला माहीत आहे.

खिळेजुळारी

मी छापखान्यात कंपोझिंग केलंय, खिळ्यांच्या काळात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. आमच्याकडच्या केसमधले अंक सगळे एकाच रुंदीचे असायचे, तक्ता जुळवताना एकाखाली एक बसावेत म्हणून. तुमच्या अहवालातही एककाखाली एकक बसलेलं दिसत असेल तर त्याचा उपयोग करा. एखाद्या चौकोनात चार अंकांची जागा भरली आहे आणि मशीन तीनच सांगतंय, तर एक गळलाय हे मोजूनच कळेल.

दुसरं, १ आणि ९ चा घोळ सगळा स्कॅनचा नाही. वापरून वापरून खिळा झिजतो. ९ ची शेपटी झिजली की कागदावरच तो १ सारखा उमटतो. शाई जास्त झाली तर उलट, १ भरून ९ वाटायला लागतो. तेव्हा कितीही साफ करा, एखादा अंक मुळातच संशयास्पद असणार.

शिवारफेरी

काका, हे फार उपयोगी. एककाखाली एकक आहे खरं. ऑगस्टच्या म्हशीच्या दुधात एक अंक गळल्याचं त्यावरूनच सापडलं.

आता छत्तीस चौकोनांपैकी तीन ओळी सोडून सगळ्यांत गाय अधिक म्हैस बरोबर एकूण येतंय. त्यातली डिसेंबरची ओळ चौकोनाचं चित्र मोठं करून बघितल्यावर लगेच सुटली, डाग होता. राहिल्या या दोन:

नोव्हेंबर: गाय ३,९४६, म्हैस ९,२७५, एकूण १२,४२१
मार्च: गाय ४,०२३, म्हैस ८,५१०, एकूण १२,५३६

कोरा_कागद

नोव्हेंबर घ्या. वाचलेल्या दोन आकड्यांची बेरीज १३,२२१ होते, छापलंय १२,४२१. फरक ८००. देवनागरीत ८ चा फरक आला की मी आधी १ आणि ९ बघतो, कारण त्यांच्यातलं अंतर आठच. फरक शेकड्यात आहे आणि गायीच्या आकड्यात शेकड्याला ९ आहे. तो १ मानला तर ३,१४६ अधिक ९,२७५ म्हणजे १२,४२१, चपखल. पण एवढ्यावर थांबू नका. गायीचा रकाना वरून खाली बेरजा आणि तळाच्या आकड्याशी ताडून बघा. तिथेही ८०० नेच जास्त येत असेल, तर आडवी आणि उभी दोन्ही तपासणी त्याच एका चौकोनावर बोट ठेवतात.

शिवारफेरी

तळाच्या ओळीतला एकक शिक्क्याखाली गेलाय, पण शेकडा दिसतो. हो, शेकड्यात ८ चाच फरक पडतो! आणि चित्र पुन्हा बघितलं, शेपूट खरंच नाहीये. ३,१४६ धरतो.

कोरा_कागद

धरा. मार्चचं तसं नाही. फरक ३ चा आहे, म्हणजे बहुधा ३ आणि ६ ची गल्लत. पण ती दोन ठिकाणी असू शकते. गाय ४,०२६ असेल, किंवा एकूण १२,५३३ असेल. ओळ यातलं काहीही मान्य करते. निकाल लावायचा तो तळाच्या बेरजेच्या एककाने, आणि तो शिक्क्याखाली आहे. तो भाग आणखी खणून काढता येतो का बघा. लाल थरात नाही दिसला तर तिन्ही थर वेगवेगळे सेव्ह करून पाहा.

शिवारफेरी

पाहिले. हिरव्यात शिक्का एकदम गडद. निळ्यात काही कळत नाही. लालमध्ये अंकाच्या जागी करडा गोळा आहे, वळण नाही.

कोरा_कागद

मग तो तपशील या फाइलमध्ये नाही. जेपीईजी रंगाचा तपशील काळ्या-पांढऱ्यापेक्षा जास्त दाबतं, त्यामुळे शिक्का आणि अंक वेगळे करायला लागणारी माहिती आधीच गेली. मार्चच्या दोन्ही चौकोनांवर खूण करा आणि शेजारी दोन्ही शक्यता लिहून ठेवा. एक निवडून गप्प बसू नका.

सुहास_प

तीन लिटरने काय फरक पडतो? वर्षाच्या दीड लाखात?

कोरा_कागद

या पानात नाही पडत. पण शिवारफेरी म्हणतायत अशी बरीच पानं आहेत. हाच सवयीचा निर्णय उद्या दहा हजारांच्या स्थानावर घेतला जाईल आणि तेव्हा खूण नसेल.

खिळेजुळारी

आणखी एक शक्यता राहते. बेरीजच चुकीची छापली असेल तर? आम्ही जसं हाताने लिहून यायचं तसं जुळवायचो. आकडे बरोबर आहेत का हे प्रूफात संस्थेचे सचिव बघायचे, बेरीज करून बघणं आमचं काम नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात मागील वर्षाचा आकडा पुन्हा छापायची पद्धत बऱ्याच संस्थांत होती. १९८४-८५ चा अहवाल मिळाला तर त्यात वर्षाची एकूण बेरीज सापडेल.

शिवारफेरी

८४-८५ चा आहे माझ्याकडे, त्याच पीडीएफच्या पुढच्या भागात! बघितला. मागील वर्ष म्हणून एकच एकत्रित आकडा दिलाय, पण तो पूर्णांकात नाही, हजार लिटरमध्ये. एककाचा प्रश्न तिथे सुटत नाही. शेकड्यापर्यंतचं मात्र जुळतंय, म्हणजे नोव्हेंबर पक्का झाला.

कोरा_कागद

थांबा, हजार लिटरच्या आकड्यावरून शेकडा पक्का कसा होईल?

शिवारफेरी

दशांशाच्या पुढे एक घर दिलंय, अमुक दशांश अमुक हजार असं. म्हणजे शंभर लिटरपर्यंत.

कोरा_कागद

मग ठीक. ८०० ची गल्लत त्यात लपली नसती.

आजीचा_ट्रंक

मी तो भागाकाराचा भाग माझ्या एका फोटोवर करून पाहिला. आमच्या भाच्याने चालवून दिला. घडीची काळी पट्टी गेली आणि तिच्याखालची ओळ दिसायला लागली. पण एका जागी जिथे शाई मोठी सांडली आहे तिथे मधोमध पांढरं झालं. असं का?

कोरा_कागद

डाग ९ बाय ९ च्या खिडकीपेक्षा मोठा आहे, म्हणून त्यालाही तो कागदच समजला आणि पांढरा करून टाकला. मोबाइलचा फोटो बराच मोठा असतो, तिथे ९ आणि ४१ दोन्ही आकडे चित्राच्या मानाने वाढवावे लागतात. ९ चं ३१ आणि ४१ चं १५१ करून बघा, दोन्ही विषमच ठेवा. मूळ फोटो जपून ठेवा, वाचकाला दोन्ही दाखवा.

शिवारफेरी

उरलेल्या पानांवर हेच चालवतोय. दोन पानांत वरच्या आणि खालच्या रेघेचा कोन वेगळा येतोय, वर ०.८ आणि खाली १.९. ती बाजूला काढून ठेवली आहेत. चार कोपरे धरून ताणायचं म्हणजे कोपरे तक्त्याचे धरायचे की पानाचे?

कोरा_कागद

तक्त्याच्या बाहेरच्या चौकटीचे. पानाची कड फाटलेली किंवा दुमडलेली असू शकते, चौकट छापलेली आहे. `cv2.getPerspectiveTransform` ला ते चार बिंदू द्या, आणि उत्तराचा चौकोन तिप्पट मापाचा घ्या म्हणजे मोठं करणंही त्यातच उरकेल. चौकटीची रेघ मधे वाकलेली नाही ना हे आधी पट्टी लावून बघा. वाकलेली असेल तर त्या पानाचं चित्र इथे टाका.